तुमच्या कपाशीला बोंडअळी लागली आहे

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीचा शेती ब्लॉग मी लिहायचो आणि दर आठवड्याला त्याचा मेल शेतकऱ्यांना पाठवायचो. एका आठवड्याच्या मेलचा विषय मी लिहिला होता, 'बोंडअळी कशी ओळखायची', आणि विषयाखाली दिसणारी ओळ, 'फुलात काय बघायचं, फवारणी कधी टाळायची'.

साहेबांनी खालची ओळ उडवली आणि विषय केला, 'तुमच्या कपाशीला बोंडअळी लागली आहे'.

मी भांडलो, असलं खोटं लिहिलं तर मेल स्पॅममध्ये जाईल म्हणालो. ते म्हणाले, "विषयात 'मोफत' शब्द न्हाई, 'अर्जंट' न्हाई, स्पॅममध्ये कशाला जाईल?"

गेला न्हाईच. नेहमीच्या दुप्पट लोकांनी मेल उघडला. साहेबांनी पेढे वाटले.

चार दिवसांनी वडीगोद्रीचा एक शेतकरी आला. बियाणं यांचंच, म्हणजे यांना ठाऊक असणार, असं समजून त्यानं मेल न उघडताच चांगल्या रानावर जहाल औषध मारलं होतं. पाती, म्हणजे कपाशीच्या कळ्या, गळून गेल्त्या. त्यानं साहेबांना कॉलर धरून कपाटावर आपटलं आणि ओठ फुटेस्तोवर हाणलं. मी मधे पडलो न्हाई. माझेच हात शिवशिवत होते.

"आत तसं काहीच लिहिलं न्हाई," साहेब रक्त पुसत म्हणाले.

"मंग वर कशाला लिहिलं?" म्हणत त्यानं आणखी एक ठेवून दिली.