जावेच्या कानाने ऐकलेले साठ निरोप

शेळ्या पाळणाऱ्या बायकांना फोनवर जाणारे निरोप तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण यादी केल्याशिवाय चहाही न मागवणारी आमच्या कार्यालयात मी एकटीच होते. कार्यालय धाराशिवात, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. मूळ निरोप पशुवैद्यक डॉक्टरांनी लिहिलेले, आणि ते वाचून शेळीसुद्धा जांभई देईल असे. म्हणून साठच्या साठ निरोप संगणकाकडून सोप्या भाषेत करून घेतले होते. त्यावर शेवटचा हात फिरवायचा आणि आपल्या भरदार आवाजात ते रेकॉर्ड करायचे, हे काम निवृत्त मराठी शिक्षक असलेल्या आमच्या गुरुजींचं.

गुरुजींना "शक्यतो" या शब्दाचा राग होता. "साधारणपणे"चाही. "हे शब्द म्हणजे पळवाटा आहेत," असं म्हणून त्यांनी चाळीस वर्षं पोरांच्या निबंधांतून ते खोडले होते, आणि आता डॉक्टरांचे खोडत होते. संगणकाचाही कल तिकडेच. त्यामुळे दोघांचं उत्तम जमलं.

पण आदल्या हंगामात याच जमण्यातून एक प्रकरण झालं होतं. "लस दिल्यास रोगाचा धोका कमी होतो" या वाक्याचं "लस दिली की रोग होत नाही" झालं. वाक्य छान वाजलं, गेलं. ईट गावच्या महिला गटातली एक लस दिलेली शेळी तरीही मेली. तिथल्या गटाच्या मावशी चावडीजवळच्या पारावर स्पीकर लावून सगळ्या बायकांना निरोप ऐकवतात. त्यांनी मला फोन केला होता.

"ताई, आवाज गुरुजींचा, अक्कल डॉक्टरची, आन् शिव्या मला! पुन्यांदा आसं झालं तर म्या स्पीकर बंद करून पेटीत ठेवीन. मला याच गावात ऱ्हायचंय."

त्या गावात मावशींच्या शब्दावर तीस-पस्तीस बायका औषध पाजतात. तो शब्दच गेला, तर आमचे निरोप कोण ऐकणार होतं?

म्हणून या वेळी मी कडक यादी केली. प्रत्येक निरोपापुढे तीन रकाने: भाषा सोपी आहे का, माहिती बरोबर आहे का, तीस सेकंदांत बसतो का. दोन दिवसांत साठही निरोपांपुढे तीन-तीन टिका पडल्या. काही चोर मी पकडलेही. "गरज भासल्यास डॉक्टर भेट देऊ शकतात" याचं "डॉक्टर तुमच्या दारी येतील" झालं होतं.

"गुरुजी, डॉक्टरांकडे एक मोटारसायकल आहे आणि गावं चाळीस."

"पण ऐकायला किती आपुलकीचं वाटतं!"

"आपुलकीनं पेट्रोल भरत नाही."

त्यांनी नाइलाजानं "देऊ शकतात" परत घातलं. मी खूश होते. दुसऱ्या दिवशी मावशी तालुक्याची कामं उरकून बसनं धाराशिवला येणार होत्या. त्यांना ऐकवायचं आणि पाठवून द्यायचं, एवढंच उरलं होतं.

मावशी आल्या, पाणी प्याल्या, खुर्चीत मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "थांबा. म्या ऐकून उपेग न्हाय. मला शेळ्यांचं सगळं ठावं हाय. म्या माझ्या जावंच्या कानानं ऐकते."

"म्हणजे?"

"माझी जाऊ लई गुणाची हाय. सांगाल तेवढंच करती. ना जास्त, ना कमी. तिला म्हनलं होतं, दूध चुलीवर ठिव. ठिवलं. जाळ लाव म्हनलं नव्हतं."

गुरुजी हसले. मी हसले नाही, कारण मला वेळेचं बघायचं होतं. रेकॉर्डिंग लावलं. पहिले काही निरोप नीट गेले. सातवा लागला: "पावसाळ्याआधी सगळ्या शेळ्यांना जंताचं औषध पाजा. औषधाची मात्रा शेळीच्या वजनाप्रमाणे ठरवा."

मावशींनी हात वर केला. चेहरा भोळा केला, पदर डोक्यावर ओढला आणि वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "बरं झालं बाई सांगितलं. आत्ता जाते न् चारी शेळ्यांला पाजते."

"पाजा की," गुरुजी म्हणाले.

"त्यातली दोन गाभण हायती," मावशी स्वतःच्या आवाजात म्हणाल्या.

मी मूळ कागद काढला. डॉक्टरांनी लिहिलं होतं: "सर्व शेळ्यांना जंतनाशक द्यावे, मात्र गाभण शेळ्यांबाबत आधी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा." काही जंतनाशकं गाभणपणाच्या सुरुवातीला दिली तर गर्भाला इजा होते. हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं, तीच तर अडचण! नवा निरोप वाचताना ते गाळलेलं वाक्य मी मनातल्या मनात घालून वाचलं होतं आणि "माहिती बरोबर" म्हणून टीक केली होती. टीक मोठी आणि ठसठशीत होती.

"ते मीच काढलं," गुरुजी हळूच म्हणाले. "तीस सेकंदांत बसत नव्हतं."

म्हणजे तिसऱ्या रकान्यानं दुसऱ्याला खाल्लं होतं, आणि तिन्ही रकाने माझे होते.

मी यादी फाडली. हे माझ्या हातून क्वचित होतं, म्हणून गुरुजी घाबरून उभेच राहिले. नवी यादी केली. आधी फक्त मूळ निरोप वाचायचा, नवा झाकून ठेवायचा. त्यात कुणाला, कधी, किती, कुठल्या अटीवर, किती खात्रीनं आणि काय करू नये, हे वेगळं लिहून काढायचं. मग नवा उघडून एकेक शोधायचं. नवा निरोप नुसता बरोबर असून भागत नाही. जुन्यानं सांगितलं तेवढंच त्यानं सांगायला हवं. शेवटचा रकाना: जाऊ काय करेल?

त्या रकान्यासाठी मावशींना मुक्काम करावा लागला. माझ्या घरी जेवल्या, आमटीत मीठ कमी आहे हेही जावेच्या आवाजात सांगितलं. दुसऱ्या दिवशी साठांतून आणखी दहा चुकलेले निरोप सापडले. "आजारी शेळीला लस देऊ नये" हे वाक्य गायब होतं. "खुराक शक्यतो सकाळी द्यावा" याचं "खुराक सकाळीच द्या" झालं होतं, आणि जाऊ म्हणे उठायला उशीर झाला म्हणून शेळी दिवसभर उपाशी ठेवणार होती. आणि "रोगाचा धोका कमी होतो" पुन्हा "रोग होत नाही" होऊन बसलं होतं! तिथं गुरुजींनी स्वतःहून दुरुस्ती केली आणि पुन्हा रेकॉर्ड करताना "कमी" या शब्दावर एवढा जोर दिला की खाली झेरॉक्सवाल्यानं वर पाहिलं असावं. जंताचा निरोप एक्केचाळीस सेकंदांचा झाला. होऊ दिला.

निरोप गेले. पावसाळा लागल्यावर ईटहून मावशींचा फोन आला. लस दिलेली एक शेळी आजारी पडली होती. माझा हात आपोआप कागदाकडे गेला.

"बायका काय म्हणाल्या?"

"आल्या की भांडायला! म्या काय बोललेच न्हाय, निरोप परत लावला. 'धोका क-मी होतो.' गुरुजींनी आसं काय म्हनलंय, की भांडणारीच गप झाली."

"आणि शेळी?"

"तीच तर गंमत हाय. शेळी जावंची. ती म्हनली, एवढं जर-तर हाय तर मला काय कळंना, डॉक्टरलाच इचारते. आन् लगीच इचारलं. वाचली शेळी."

"डॉक्टर गेले होते का दारी?"

"न्हाय. फोनवर सांगितलं. येऊ शकत्यात म्हनलं हुतं, येतीलच कुठं म्हनलं हुतं?"

स्पीकर अजून पारावरच आहे.