निळा बदाम

नंदनवन वस्तीतली नंदिनी रामटेके मोबाइल कीबोर्डवर शब्द आणि इमोजी सुचवणाऱ्या मॉडेलला शिकवण्यासाठी लोकांचे मराठी संदेश निवडायची. इमोजीचा अर्थ मॉडेलला कोणी सांगत नाही. इमोजीच्या आजूबाजूला वारंवार येणाऱ्या शब्दांवरून ते तो शिकतं.

"हे 'जय भीम'चे हजारो संदेश सारखेच आहेत," तिचे वरिष्ठ सुशीलसर म्हणाले. "कचरा काढून टाक वं."

"मग निळ्या बदामाच्या इमोजीजवळ नुसतं निळ्या जर्सीचं क्रिकेट उरते, सर. माह्या आईनं 'जय भीम' लिहिलं, तर तिले काय सुचवाल? जोडलेले हात? एकेक संदेश वेगळ्या माणसाचा आहे. मी नाही काढत. तुम्हीच काढा."

सरांनीही त्या संदेशांना हात लावला नाही.

पुढं नवा कीबोर्ड आला. आईनं 'जय भीम' लिहिताच सूचनांच्या पट्टीवर सगळ्यात आधी निळा बदाम उमटला.

"याले कसं माहीत वं?"

"लोकांनीच शिकवलं त्याले, आई."