गादीसकट उंची

बाबांच्या गुडघ्यांना मांडी सोसेना, म्हणून औंढ्याच्या मिस्त्रींकडून जेवणाचं टेबल आणि खुर्च्या करून घेतल्या. बैठक अठरा इंचांवर ठेवा, हे मीच सांगितलं. शिवाय ऐटीत तीन इंचांची मऊ गादी आणि पाठीला कोरलेलं कमळही मागितलं.

पहिल्याच रविवारी बाबा ताकभातापूर्वीच उठले. गादी त्या अठरा इंचांच्या वर चढली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते, बैठकीची कड मांडीत रुतत होती, कमळ पाठीत टोचत होतं. "पाटावर बरं होतं," एवढंच ते म्हणाले. मला राग आला, तो काही त्यांचा नव्हता, माझाच होता.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना बोलावून घेतलं. त्यांनी बाबांना खुर्चीवर बसवलं आणि तळपायापासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत माप घेतलं.

"उंची गादीसकट धरा लागते, ताई. माणूस काही लाकडावर बसत न्हाई."

त्यांनी खुर्च्यांचे पाय कापले, गादीत दीड इंचाचा घट्ट फोम भरला आणि कमळ काढून उभ्या साध्या पट्ट्यांची, जराशी मागे कललेली पाठ बसवली.

पुढच्या रविवारी सगळ्यांची जेवणं झाली तरी बाबा टेकून बसलेलेच होते, दोन्ही पाय जमिनीवर. गावच्या देवळातल्या जुन्या गोष्टी सांगत राहिले. आईने दोनदा म्हटलं, "हात धुवा आता."

त्यांचा हात केव्हाच वाळला होता.