भाषण संपेपर्यंत थांबलेले गुरुजी

मला माइक आवडतो. हे बायकोला लग्नानंतर कळलं, पेशंटांना पहिल्याच भेटीत कळतं. शहरातल्या छावणी भागात माझा दवाखाना आहे. तिथं ताप घेऊन आलेला माणूस ब्लडप्रेशरवरचं व्याख्यान ऐकूनच बाहेर पडतो. त्यामुळे पैठण रस्त्यावरच्या, चितेगावच्या पुढच्या एका गावातून आरोग्य शिबिराचं बोलावणं आलं तेव्हा मी आढेवेढे घेतले ते केवळ रीत म्हणून. विषय होता हृदयविकाराची लक्षणं आणि दवाखाना वेळेत कसा गाठायचा.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. एका वर्गात ईसीजीचं मशीन, फाटकाशी अँब्युलन्स आणि स्टेजवर माझा सत्कार. शाल, श्रीफळ, वर फेटा. डोक्याला फेटा बांधला की माझ्या जिभेला हाड राहत नाही. पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीत गावचे निवृत्त गुरुजी बसले होते. शेवटी आभार ते मानणार होते.

मी सुरुवात केली. छातीच्या मधोमध दाब येतो, कुणी दगड ठेवल्यासारखा. दुखणं हातात जातं, जबड्यात जातं, पाठीत जातं. थंड घाम फुटतो, धाप लागते, मळमळतं. बायकांना आणि शुगरवाल्यांना कधी कधी दुखतही नाही, नुसतं गळून गेल्यासारखं होतं. "पित्त झालं म्हणून सोडा पिऊन पडू नका. स्वतः गाडी चालवत निघू नका. अँब्युलन्स बोलवा. जेवढा वेळ घालवाल तेवढा हृदयाचा स्नायू मरतो, आणि मेलेला परत येत नाही." सांगायचं ते एवढंच होतं. शहाणा माणूस इथं खाली बसला असता.

पण गुरुजी माझ्याकडे टक लावून बघत होते आणि उपरण्यानं सारखा चेहरा पुसत होते. मला वाटलं, आपलं बोलणं भिडलं. म्हातारा माणूस, डोळे भरून आले असतील. मग काय, मी रंगात आलो. पेशंटांचे किस्से काढले. अटॅक कसा येतो ते छाती धरून, गुडघे टेकून करूनही दाखवलं. फेटा घरंगळला, बाया पदर तोंडाला लावून हसल्या, टाळ्या पडल्या. मग तंबाखू, मग तेल, मग मी शिकत असताना काढलेले हाल, ज्यांचा हृदयाशी काडीचा संबंध नव्हता. गुरुजी आता डोळे मिटून ऐकत होते. मी त्यांना मनातल्या मनात रसिक म्हणून टाकलं.

अखेर ते आभाराला उठले, खांबाला धरून. सरपंचांचे आभार मानले, मांडववाल्याचे मानले, आशाताईंचे मानले. आवाज बारीक येत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टरसाहेबांचे तर लई आभार. त्यांनी ते छातीतल्या दगडाचं आन् घामाचं सांगितलं ना, ते मला त्यांचं भाषण सुरू झाल्यापासून व्हायलंय. सभेतून मधीच उठणं बरं दिसत नाय, म्हणून थांबलो."

दोघेतिघे हसले. त्यांना तो आभाराचाच भाग वाटला. मी धावलो. गुरुजींना चालू न देता खुर्चीसकट वर्गात नेलं. ईसीजीची पट्टी बाहेर आली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मोठा अटॅक होता. कसली अ‍ॅलर्जी, कुठं रक्तस्राव नाही ना हे विचारून अ‍ॅस्पिरिनची गोळी चावायला दिली, शहरातल्या हार्टच्या दवाखान्यात फोन करून अँजिओप्लास्टीची तयारी ठेवायला सांगितलं आणि अँब्युलन्समध्ये त्यांच्याशेजारी बसलो. सत्काराची शाल अजून माझ्या खांद्यावर होती, ती त्यांच्या पायांवर घातली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ते हेच. मला भयंकर भीती वाटत होती, आणि त्या अख्ख्या रस्त्यात मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. गुरुजीच मधून मधून म्हणत होते, "साहेब, घाबरू नका."

बंद झालेली नस उघडली. गुरुजी वाचले.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा तिथला हार्टचा डॉक्टर त्यांच्या खाटेशी उभा होता. वयानं माझ्या मुलाएवढा. सोनोग्राफीत हृदयाचा पुढचा भाग कमजोर दिसतोय, म्हणाला. आता शेतापर्यंत चालत जाणं जमेल असं वाटत नाही. मग त्यानं गुरुजींना विचारलं, "फाटकात अँब्युलन्स होती, शिबिरात डॉक्टर होते. मग दुखायला लागल्यावर इतका उशीर कसा झाला?"

गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ओठ सुकलेले होते.

"भाषण लई चांगलं होतं," ते म्हणाले.

"लांब होतं," मी म्हणालो.