काकूंनी तपासलेलं पत्र

धरणग्रस्तांच्या एका ऑनलाइन बैठकीत केनियातली एक मैत्रीण मिळाली. शाळेत स्वाहिली शिकवते. तिच्याही गावाजवळ धरण आणि तिच्याही नळाला पाणी नाही. आम्ही इंग्रजीत पत्रं लिहायचो. मग तिनं लिहिलं, "पुढचं स्वाहिलीत लिही. आईला वाचून दाखवायचंय. साहेबांच्या भाषेत बोलणाऱ्यावर तिचा विश्वास बसत नाही."

मला हे फारच पटलं. आमच्या संघटनेच्या पत्रकांतून मी दुसरं काय ओरडतो? लोकांशी लोकांच्या भाषेत बोला.

मोबाइलवर शिकत सहा ओळी लिहिल्या. तपासणार कोण? जुन्नरच्या पेठेत कापडदुकानवाल्या काकू आहेत, त्यांचं माहेर नैरोबीचं. आमच्या डिंभ्याला एसटी आलीच नाही, टेम्पोत उभा राहून गेलो. काकूंनी चष्मा लावला आणि माझं बरोबर असलेलंही खोडलं.

"काकू, धड्यात 'माझं'ला 'चांगू' आहे."

"राहू दे रं तुझा धडा. आमच्या घरी चार नोकर व्हते. रोज बोलायचे मी. एकानंबी कधी चूक काढली न्हाई."

पटलं. पाठवलं.

मग दिवसातून दहादा मोबाइल उघडायचा, शिव्या घालायच्या, बंद करायचा. शेवटी उत्तर आलं. माझ्याच पत्राचा फोटो, त्यावर हिरव्या पेनानं दुरुस्त्या. मी लिहिलं होतं 'किजिजी यांगू नी न्दोगो', माझं गाव लहान आहे. हवं होतं 'किजिजी चांगू नी किदोगो'. आपल्याकडे माझा, माझी, माझं अशी तीन रूपं होतात. तिथं नामांचे गट बरेच, आणि ज्या गटातलं नाम, त्याच गटाचं रूप 'माझं'नं घ्यायचं, 'लहान'नंही घ्यायचं. 'सगळी माणसं' म्हणजे 'वातू वोते'. मी माणसांना 'योते' लावलं होतं, तो भलताच गट.

खाली लिहिलं होतं, "आई आधी हसली. मग म्हणाली, मी ज्या हिंदुस्थानी शेठकडे भांडी घासायचे, तिथल्या बाई आम्हाला अशाच भाषेत कामं सांगायच्या. याला कुणी शिकवलं?"

माझं डोकंच फिरलं. मी, आणि शेठ?

तडक पेठेत गेलो. फोटो काकूंच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला.

"चुकत व्हते, तर सांगितलं का न्हाई कुणी?"

"मालकिणीला कोण सांगणार, काकू?"

फार जोरात बोललो. गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. काकूंनी कापड मापायची पट्टी उचलली, ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "त्या बाईला लिही, नैरोबीची एक म्हातारी आता शिकतीया म्हनावं."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी टेम्पोतच नवं पत्र लिहिलं. प्रत्येक नामाचा गट बघून. तरी चुका असतीलच. शेवटी लिहिलं, "आई, चूक दिसली की लगेच सांगा."

पाठवलं, आणि पुन्हा अस्वस्थ. धरणाच्या वरच्या वाड्यांतल्या बायांच्या मागण्या मी पत्रकात माझ्या शब्दांत लिहितो आणि त्यांनाच वाचून दाखवतो. आजवर एकीनंही चूक काढलेली नाही. याचा मला अभिमान वाटायचा.