नत्थूची तिसरी ज्योत

नत्थू मेश्रामने बारा वर्षं कामठीजवळच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपात गॅस वेल्डिंग केलं आणि १९७४ साली कॉटन मार्केटजवळ स्वतःचं दुकान टाकलं. लोखंडासाठी तो ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन बरोबरीने सोडी. मग ज्योतीच्या आतला पांढरा शंकू स्वच्छ दिसे. खाणीतल्या यंत्रांच्या झिजणाऱ्या दात्यांवर कडक धातूचा थर चढवायचा असला, की ॲसिटिलीन वाढवी. शंकूभोवती धुरकट पिसारा फुटे, लोखंडाला नुसता घाम आल्यासारखं दिसे आणि थर अलगद बसे. या दोन ज्योतींवर त्याचा संसार चालला होता.

त्या मार्चात काटोलचे मनोहरराव संत्र्याच्या बागेतला फवारणीचा पितळी पंप घेऊन आले. पंपाच्या अंगाला चीर होती.

"नत्थू, संत्र्याला बार आला आहे. परवा फवारा मारायचाच."

"होऊन जाईन, भाऊ."

नत्थूने लोखंडाचीच ज्योत लावली. पितळ वितळताच पांढराशुभ्र धूर उठला. सांधा भरला, पण पाणी भरताच शंभर ठिकाणी पाझरू लागला. संध्याकाळी त्याला हुडहुडी भरून ताप चढला. बायको प्रेमिलाने दोन गोधड्या घातल्या.

"काहून एवढा धूर घेता जी? उद्या दुकान बंद ठेवा."

सकाळी ताप उतरला होता. तो थेट इतवारीत पितळ ओतणाऱ्या नानाजींकडे गेला. सांधा बघून म्हातारे हसले.

"जस्त उडून गेलं गा. पितळातलं जस्त लवकर उकळते, अन् जागा पोकळ राहते."

"मंग त्याले आत कसं थांबवू?"

"ते तुह्या आगीले विचार."

नत्थू परतला. नळाच्या जुन्या पितळी तोट्या दाराबाहेर उघड्यावर मांडल्या, सांध्याला लागणारा सुहागा, म्हणजे टाकणखार, लावला आणि ऑक्सिजन थोडा थोडा वाढवत गेला. शंकू आखूड, टोकदार झाला, ज्योत सूं सूं करू लागली. चौथ्या तोटीवर धूर एकदम विरळ झाला. वितळलेल्या पितळावर जस्ताच्या राखेची पातळ साय धरली होती. तिच्याखाली जस्त दबून राहिलं होतं. त्याने त्याच ज्योतीने लोखंडाच्या दोन पट्ट्या जोडून बघितल्या. लोखंडाला फेस आला, ठिणग्या उडाल्या, आणि थंड झाल्यावर सांधा हातोडीच्या एका ठोक्यात तुटला.

"लोखंडाले नाही चालत, पितळालेच," तो स्वतःशीच पुटपुटला.

जुना सांधा छिन्नीने खरवडून काढून त्याने पंप नव्याने जोडला. मनोहरराव आले तेव्हा त्याने काही लपवलं नाही.

"काल म्या बिघडवला होता, भाऊ. आज पाह्यून घ्या."

मनोहररावांनी पाणी भरून पायाने जोर दिला. फवारा रस्त्यापर्यंत गेला. सांधा कोरडा ठणठणीत. पुढच्या हंगामात काटोल, कळमेश्वरकडचे पंप थेट नत्थूच्या दुकानात येऊ लागले. पितळाचं काम तो कायम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करायचा. प्रेमिलाची तेवढी एक अट होती.