नमुन्याला औषध कुणी लावलं?

माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर आठ वर्षं एक फोटो होता. खरं तर दोन फोटो, एका चौकटीत शेजारी-शेजारी. डावीकडे पिवळे दात, उजवीकडे पांढरेशुभ्र. कड्याच्या साखर कारखान्यात काट्यावर बसणाऱ्या एका माणसाचे ते दात. बीडमध्ये दात पांढरे करून घ्यायला लोक माझ्याकडे यायला लागले ते त्या फोटोमुळे. हे सगळ्यांना माहीत आहे. फोटोची दुसरी गोष्ट दोघांनाच माहीत होती. एक मी, आणि दुसऱ्या माझ्या दवाखान्यातल्या ताई.

ताई माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत. घर मेंढपाळाचं, शिक्षण सातवीपर्यंत. हत्यारं उकळण्यापासून पेशंटला धीर देण्यापर्यंत सगळं त्याच बघतात. तो फोटो काढला त्या दिवशी नमुन्याची पट्टी त्यांनीच धरली होती. आमच्याकडे दाताच्या रंगांचे सोळा नमुने असतात. खोट्या दातांसारखे तुकडे, प्रत्येकावर नंबर; नंबर वाढला की रंग पिवळा. त्यातला एक दाताला लावून फोटो काढायचा, म्हणजे रंग कुठला होता ते कळतं. डावीकडचा फोटो मी मोबाइलवर खुर्चीच्या पिवळ्या दिव्यात काढला. मग औषध लावलं, तासभर दिवा दिला आणि उजवीकडचा फोटो खिडकीशी, दुपारच्या उजेडात काढला. दोन्हीत तोच साडेतीन नंबरचा नमुना.

पेशंट खूश होऊन गेला. मी कॉम्प्युटरवर फोटो शेजारी ठेवले. ताई मागून बघत होत्या.

"डॉक्टर, दाताला औषध लावलंत. ह्या नमुन्याला कुणी लावलं?"

मी वळलो. "म्हणजे?"

"न्हाई, हा तुकडा बी लई पांढरा झाला की! सकाळी पिवळा होता."

नमुना बदलत नाही. तो पांढरा दिसला, याचा अर्थ उजेड बदलला आणि मोबाइलने आपल्या मनाने रंग लावला. शिवाय तासभर तोंड उघडं ठेवलेले दात वाळून पांढरे दिसतात, चार दिवसांत पाणी धरून पुन्हा थोडे उतरतात. हे सगळं मला शिकवलं होतं. तरी मी म्हणालो, "ताई, तुम्ही तुमचं बघा." आणि त्यांच्यासमोरच दोन्ही फोटोंतून नमुना कापून टाकला. त्या हत्यारं उचलून आत गेल्या.

पुढे काही महिन्यांनी मी दातांचे फोटो काढायचं नीट शिकून आलो. कॅमेरा घेतला. फ्लॅश, अंतर, सगळे आकडे एकदाच ठरवून ठेवले. राखाडी कार्ड आणलं. राखाडी म्हणजे ज्यात लाल, हिरवा, निळा सारखाच असतो. कार्ड फोटोत असलं की कॉम्प्युटरवर त्याच्यावर क्लिक करायचं, ते राखाडी झालं की सगळ्या फोटोचा रंग ताळ्यावर येतो. मग नमुना दोन्ही फोटोंत सारखा दिसतो का ते तपासायचं. दिसला, तरच दातांकडे बघायचं. पहिला फोटो दात वाळायच्या आत काढायचा, दुसरा उपचार संपल्यावर दोन आठवडे थांबून. ओठांची लाली पुसायची, नाहीतर डोळा फसतो.

ताईंना समजावून सांगायला बसलो तर त्या हसल्या. "माय माझी लोकर निवडायची तवा मांडीवर जुनी घोंगडी ठेवायची. घोंगडी कालच्यासारखी दिसली तरच निवडायला घ्यायची. न्हाई दिसली तर म्हणायची, आज उजेड खोटा हाय, उठा." मी सहा दिवसांची फी भरून जे शिकून आलो ते त्यांच्या आईच्या मांडीवर होतं. तेव्हाही भिंतीवरचा फोटो काढावा असं मला वाटलं. काढला नाही. नवीन काम मी खरं करत होतो, एवढ्यावर स्वतःची समजूत घालून ठेवली.

मागच्या वर्षी शिरूर कासारच्या शाळेतल्या एक मॅडम आल्या. तिशीच्या, बोलताना तोंडावर हात धरणाऱ्या. मुलं दातांवरून चिडवतात म्हणाल्या. पहिला फोटो काढला आणि घरी दातांच्या मापाच्या ट्रेमध्ये औषध घालून वापरायचं दिलं, दोन आठवडे. मग दोन आठवडे थांबून दुसरा फोटो काढायला बोलावलं. आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्याने.

"काहीच फरक नाही सर." भिंतीकडे बोट. "यांच्यासारखं व्हायला पाहिजे होतं. आणखी एकदा द्या ना औषध."

"थंड पाणी लागतं का?"

"लागतं. ठणकतं. पण चालंल, सोसते मी."

त्या आणखी सोसणार होत्या, कारण माझी भिंत त्यांना सांगत होती की होऊ शकतं. मी 'बघू' म्हणालो. ताई हत्यारांचा ट्रे पुसत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मॅडमला ती नमुन्याची गोष्ट सांगा की डॉक्टर. न्हाई तर मी सांगते." आठ वर्षांत पहिल्यांदा.

मी मॅडमना कॉम्प्युटरजवळ खुर्ची दिली. जुने मूळ फोटो उघडले, न कापलेले. नमुना दाखवला, इकडे पिवळा, तिकडे पांढरा. म्हणालो, "हा तुकडा तोच आहे. याला औषध लावलेलं नाही. हा मी आठ वर्षांपूर्वी कापून टाकला होता." मग उजव्या फोटोचा रंग थोडा थोडा बदलत नमुना डावीकडच्यासारखा होईपर्यंत आणला. कार्ड नव्हतं, त्यामुळे अगदी अचूक नाही, जवळपास. दातांची चमक गेली. साडेतीनचे दात कसेबसे तीनला आले होते, तेही वाळलेले असताना.

मॅडम म्हणाल्या, "म्हंजे आम्ही आठ वर्षं उजेड बघत होतो?"

"हो."

"आता माझे दाखवा."

दुसरा फोटो काढून त्यांचे दोन्ही फोटो शेजारी लावले. कार्डावर क्लिक, दोन्हीत राखाडी सारखं. नमुना दोन्हीत सारखा, कॉम्प्युटर दाखवतो ते त्याच्या रंगाचे आकडेही जवळजवळ तेच. आणि दात साडेतीनवरून दोनच्या जवळ. भिंतीवरच्या माणसापेक्षा त्यांचाच फरक मोठा होता. पिवळेपणाचा आकडा दातांवर उतरला होता, नमुन्यावर जवळपास तोच होता.

ताई वाकून बघत होत्या. "बघा मॅडम, घोंगडी तीच हाय." मॅडमना काही कळलं नसावं, पण त्या हसल्या. हात तोंडाकडे गेला नाही. दुसरं औषध मी दिलं नाही, त्यांनी मागितलंही नाही. ठणका कमी व्हायची पेस्ट घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "सर, लावायचाच असेल तर माझा लावा भिंतीवर. फक्त दात, चेहरा नको."

त्याच दुपारी ताईंनी स्टुलावर चढून जुनी चौकट काढली. मी खाली धरायला उभा होतो. "तुमी तवा मला लई लागंल असं बोलला होता," त्या वरूनच म्हणाल्या. मी माफी मागितली. "धरा, धरा, पडंल," एवढंच म्हणाल्या.

आता तिथे मॅडमचे दात आहेत. फरक पूर्वीच्या फोटोएवढा डोळ्यांत भरत नाही. काही पेशंट बघून परतही जातात. पण दोन्ही फोटोंत नमुना आहे, राखाडी कार्ड आहे, काहीही कापलेलं नाही. लोक विचारतात, हे मधे काय? ताई पोळ्याला बैल सजवून उभं राहिल्यासारख्या भिंतीशी उभ्या राहतात आणि सांगायला लागतात. मी आत पेशंटच्या दातात भरणी करत असतो. हात थांबवून ऐकतो.